पीएम किसानचं ॲप व्हॉट्सॲपवर आलं तर: वेबसाइट की ॲप, आणि खरं ॲप कुठून घ्यायचं

हप्ता जवळ आला की आमच्या दुकानात एकच तक्रार दर आठवड्याला येते. फोन पुढं करून माणूस म्हणतो, "ग्रुपवर हे ॲप आलंय, टाकू का?" लातूर-रेणापूर रोडवर झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं माझं छोटं दुकान आहे. फाइलचं नाव कधी `PM Kisan.apk` असतं, कधी यादीचं, कधी पंतप्रधानांचा फोटो लावलेलं. पाठवणारा ओळखीचाच असतो, म्हणजे मेहुणा, सोसायटीचा चेअरमन, नाहीतर गावातल्या शाळेचे गुरुजी. हे पुन्हा पुन्हा का होतं आणि प्रत्येक वेळी कसं सोडवायचं, हे एकदा नीट लिहून ठेवतो. पुढचं उदाहरण शेजारच्या काकांचं आहे, त्यांना विचारून लिहितोय.

काकांची अडचण खरी होती. दोन हजारांचा हप्ता आला नव्हता आणि गावात कुणीतरी सांगितलं की केवायसी राहिलीय. सुनेनं फोनवर `pmkisan.gov.in` उघडून ई-केवायसीत आधार नंबर टाकला, पण ओटीपी काही आला नाही. चार वेळा प्रयत्न झाले. तेवढ्यात ग्रुपवर ती फाइल पडली आणि खाली मजकूर होता, "वेबसाइट बंद आहे, ॲपवरून केवायसी करा, शेवटची तारीख उद्या." दाबल्यावर फोननं आडकाठी घातली, म्हणून काका फोन घेऊन माझ्याकडे आले. "ते काहीतरी सेटिंग चालू कर म्हणायलंय, तेवढं करून दे."

ते सेटिंग म्हणजे `Install unknown apps`. सगळ्या प्रकरणात फोननं खरं बोललेली जागा ती एवढीच होती. प्ले स्टोअरमधून ॲप घेताना अँड्रॉइड हा प्रश्न कधीच विचारत नाही. व्हॉट्सॲप, क्रोम किंवा फाइल मॅनेजर यांच्यामार्फत बाहेरचं ॲप आत येऊ पाहतं तेव्हाच तो विचारला जातो. सरकारी योजनेच्या ॲपसाठी हा प्रश्न समोर आला तर तिथंच थांबायचं, आणखी काही तपासत बसायची गरज नाही.

काकांना मी आधी विचारलं की नेमकं अडलंय काय. कारण बऱ्याच वेळा ॲपची गरजच नसते.

वेबसाइटवर `Farmers Corner` मध्ये `Know Your Status` असं एक खानं आहे. तिथं नोंदणी क्रमांक लागतो. तो आठवत नसेल तर शेजारीच `Know your registration no.` आहे, तिथं मोबाइल किंवा आधार क्रमांकावरून मिळतो. कॅप्चा भरून ओटीपी टाकला की माहिती उघडते. त्यात आपल्याला तीन ओळींशी काम आहे: जमिनीची नोंद जोडली का, ई-केवायसी झाली का, आणि बँक खात्याला आधार जोडलंय का. यातल्या कोणत्या ओळीपुढं नकार आहे त्यावरून पुढची वाट ठरते. जमिनीच्या ओळीपुढं `No` असेल तर जगातलं कोणतंही ॲप ते `Yes` करू शकत नाही, कृषी किंवा तहसील कार्यालयातच जावं लागतं. आधार-बँकेचं अडलं असेल तर बँकेत जायचं. ॲपचा उपयोग फक्त मधल्या ओळीला, तोही काही जणांनाच.

काकांच्या बाबतीत जमीन ठीक होती, बँक ठीक होती, केवायसीच बाकी होती. आणि गंमत म्हणजे ही स्थिती बघताना आलेला ओटीपी सुनेच्या फोनवर बरोबर आला. तिला वाटलं, मग केवायसीचाच का येत नाही? वेबसाइटच बिघडलीय.

वेबसाइट बिघडलेली नव्हती. नंबर दोन होते. पीएम किसानच्या नोंदणीत सुनेचा नंबर दिलेला, म्हणून स्थितीचा ओटीपी तिला आला. पण केवायसीचा ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर जातो, आणि काकांच्या आधारला त्यांचं जुनं सिम जोडलेलं होतं. ते सिम रिचार्ज न केल्यानं कधीचंच बंद पडलंय. ओटीपी पाठवला जात होता, पण तो घ्यायला त्या टोकाला कुणी नव्हतं. गावात निम्म्या म्हाताऱ्या माणसांची हीच गत आहे. वेबसाइट चालत नाही म्हणून माणूस ॲपकडं वळतो, आणि नकली ॲपवाले नेमके तिथं वाटेत बसलेले असतात.

केवायसीच्या तीन वाटा आहेत. आधारचा नंबर चालू असेल तर वेबसाइटवर ओटीपीनं, दोन मिनिटांचं काम. अंगठा उमटत असेल तर सीएससीवर बायोमेट्रिकनं. आणि तिसरी, चेहरा दाखवून. ही तिसरी मोबाइल ॲपमधूनच होते, जून 2023 मध्ये ती सुरू झाली. काकांचा ओटीपी येणार नव्हता. उसाच्या तोडीवर आणि खुरपणीत घासून त्यांचे अंगठे असे गुळगुळीत झालेत की रेशनच्या मशीनवरही तीनदा लावावे लागतात. म्हणजे त्यांना ॲपची गरज खरोखरच होती. फक्त ग्रुपवरच्या ॲपची नव्हती.

माझा स्वतःचा नियम सांगतो. जे काम वर्षातून दोन-चारदा करायचंय आणि वेबसाइटवर होतंय, त्यासाठी ॲप ठेवायचं नाही. हप्त्याची स्थिती, यादी, नोंदणी क्रमांक हे सगळं ब्राउझरमध्ये होतं. ब्राउझरमधल्या वेबसाइटला तुमचे मेसेज वाचता येत नाहीत. ॲपला परवानगी दिली तर येतात. नकली ॲपला ओटीपी चोरायला नेमकी हीच परवानगी लागते. ॲप घ्यायचं ते फोनच्या एखाद्या अवयवाचं काम असेल तेव्हा, इथं कॅमेऱ्याचं आहे तसं. अर्थात वेबसाइटवर खोट्या पानाचा धोका असतोच, त्याकडं पुढं येतो.

आता खरं ॲप कसं मिळवायचं. लोक प्ले स्टोअर उघडून शोधतात, नाहीतर गूगलवर "पीएम किसान ॲप डाउनलोड" असं टाकतात. दोन्हीत वरच्या ओळीत जाहिरात असू शकते, आणि गूगलवर तर एपीके वाटणाऱ्या बाहेरच्या वेबसाइटही दिसतात. प्ले स्टोअरमध्ये त्याच नावाशी मिळतीजुळती, योजनांची माहिती देणारी खासगी ॲप्सही असतात. ती सगळीच चोर नसतात, पण सरकारी नसतात आणि त्यातून केवायसी होत नाही. म्हणून शोधायचं नाही. वेबसाइटचा पत्ता हातानं टाइप करायचा आणि तिथून ॲपकडं जायचं.

पत्ता वाचायची एक युक्ती काकांना सांगितली ती लगेच पटली. पानगाव दोन आहेत, एक आपल्या रेणापूर तालुक्यातलं आणि एक तिकडं बार्शी तालुक्यातलं. पाकिटावर नुसतं पानगाव वाचून पोस्टमन पत्र टाकत नाही, शेवटी लातूर लिहिलंय की सोलापूर ते बघतो. वेबसाइटचा पत्ताही तसाच, शेवटून वाचायचा. `https://` नंतर पहिली तिरकी रेघ येते तिथपर्यंतचाच भाग घ्यायचा आणि त्याचं शेपूट बघायचं.

```
https://pmkisan.gov.in/...
https://pmkisan.gov.in.example.com/...
```

पहिल्याचं शेपूट `gov.in` आहे. हे शेपूट कुणालाही विकत मिळत नाही, ते सरकारी कार्यालयांनाच दिलं जातं. दुसऱ्यात `pmkisan.gov.in` ही सगळी अक्षरं आहेत, पण शेपूट `example.com` आहे, म्हणजे ती त्या `example.com` च्या मालकाची वेबसाइट झाली. मधे आडवी रेघ घालून `pmkisan-gov` असं केलं तरी खेळ तोच, कारण टिंबाच्या जागी रेघ आली की शेपटाचा अर्थच बदलतो. शेजारचं कुलूप बघून समाधान मानू नका. त्या कुलपाचा अर्थ एवढाच की वाटेत कुणी ऐकत नाही. पलीकडे कोण बसलंय हे कुलूप सांगत नाही.

मोबाइलवर आणखी एक अडचण येते. पत्ता लांब असला की क्रोम तो कापून दाखवतो. अशा वेळी पत्त्याच्या पट्टीवर बोट ठेवायचं आणि पूर्ण पत्ता सरकवून बघायचा.

मग काकांच्या फोनवर आम्ही `pmkisan.gov.in` टाइप केलं. पानावर खाली, `Farmers Corner` च्या आसपासच, मोबाइल ॲप डाउनलोड करायचा दुवा आहे. तो दाबला की थेट प्ले स्टोअरमध्ये त्याच ॲपचं पान उघडतं. इथं दोन गोष्टी बघायच्या. एक, फोन खरंच प्ले स्टोअरमध्ये गेला का. गेला असेल तर तो ॲपचं पान दाखवतो, कोणतीही फाइल उतरवत नाही. वेबसाइटवरच्या बटणानं `.apk` फाइल खाली येऊ लागली तर मागं फिरा, बहुतेक वेळा पत्ता वाचण्यात चूक झालेली असते. दुसरं, पानावरचं ॲपचं आणि निर्मात्याचं नाव वाचून लक्षात ठेवायचं, म्हणजे पुढं कुणाच्या फोनमध्ये तपासताना उपयोगी पडतं.

इथं बऱ्याच शिकलेल्या लोकांचीही गल्लत होते, म्हणून थोडं थांबतो. प्ले स्टोअरच्या पानावर खाली निर्मात्याचा ईमेल आणि वेबसाइट असते. तिथं `pmkisan.gov.in` लिहिलेलं दिसलं की लोक म्हणतात, झालं, सरकारीच आहे. पण ती माहिती ॲप बनवणाऱ्यानंच भरलेली असते, आणि खासगी ॲपवालाही माहितीचा स्रोत म्हणून तोच पत्ता लिहू शकतो. ॲपनं वेबसाइटकडं बोट दाखवलं, तर त्यानं काही सिद्ध होत नाही. वेबसाइटनं ॲपकडं बोट दाखवलं तर होतं, कारण त्या वेबसाइटवर दुवा टाकायची किल्ली फक्त त्यांच्याकडं असते. मी जावई आहे असं कुणीही म्हणेल, सासऱ्यानं म्हटलं पाहिजे. 2024 पासून गूगल काही सरकारी ॲप्सना सरकारी असल्याचा बिल्लाही दाखवतं. तो दिसला तर चांगलंच, पण दिसला नाही म्हणून ॲप खोटं ठरत नाही.

ॲप उतरलं, उघडलं, आणि चेहऱ्याच्या टप्प्यावर ते आणखी एक ॲप मागू लागलं. काका लगेच म्हणाले, "बघ, आता हे पण फसवायलंय." तशी शंका येणं बरोबरच होतं, पण हे मागणं खरं आहे. चेहरा ओळखायचं काम आधारवाल्यांचं `AadhaarFaceRD` नावाचं वेगळं ॲप करतं आणि ते यूआयडीएआयचं आहे. त्याची खात्री करायची असेल तर प्ले स्टोअरच्या पानावर शेअर दाबून दुवा कॉपी करा आणि कुठंतरी पेस्ट करून बघा.

```
https://play.google.com/store/apps/details?id=in.gov.uidai.facerd
```

`id=` च्या पुढचं अक्षरन्‌अक्षर जुळलं पाहिजे. एक आयडी प्ले स्टोअरवर एकाच ॲपला मिळतो. फक्त "यूआयडीएआयसारखं काहीतरी दिसतंय" एवढ्यावर भागत नाही, कारण स्वतःच्या ॲपच्या आयडीत कुणीही `gov` ही अक्षरं घालू शकतो. टाकल्यानंतर या ॲपचं चिन्ह फोनच्या पडद्यावर सापडत नाही. ते मागच्या मागं काम करतं, गरज लागली की मुख्य ॲपच त्याला हाक मारतं. ते सापडत नाही म्हणून पुन्हा कुठूनतरी एपीके आणणारे मी पाहिलेत.

काकांच्या फोनवर गाडी इथंच अडली. `AadhaarFaceRD` च्या पानावर `Your device isn't compatible with this version` असं आलं. फोन जुना, सुनेनं वापरून दिलेला. ही दुसरी जागा, जिथं माणूस एपीकेकडं वळतो. प्ले स्टोअर देत नाही तर बाहेरून टाकू, असा विचार येतो. पण स्टोअरनं नाही म्हटलं म्हणजे त्या फोनवर ते चालणारच नाही, बाहेरून आणलं तरी बहुधा उघडणार नाही, आणि जे उघडेल ते दुसरंच काहीतरी असेल. "जागा अपुरी आहे" असा संदेश आला असेल तर मात्र गोष्ट सोपी असते. व्हॉट्सॲपमधले सकाळच्या शुभेच्छांचे व्हिडिओ काढले की जागा होते.

यावर उपाय फारसा कुणाला माहीत नसलेला आहे. स्वतःची केवायसी झालेला शेतकरी आपल्या फोनवरच्या ॲपमधून इतर शेतकऱ्यांची चेहऱ्यानं केवायसी करून देऊ शकतो, शंभर जणांपर्यंत. माझी नोंदणी आहे आणि फोन नवा आहे. मी माझ्या नोंदणीनं आत गेलो, ओटीपी माझ्याच नंबरवर आला, इतर लाभार्थ्यांच्या पर्यायात काकांचा आधार क्रमांक टाकला आणि कॅमेरा त्यांच्याकडं धरला. पहिल्यांदा जमलं नाही. दुकानात मागं दाराचा उजेड होता आणि डोक्याला फेटा. तोंड दाराकडं करून बसवलं, फेटा थोडा वर सारला, डोळ्यांची उघडझाप करायला सांगितली, तेव्हा झालं. कुणाच्या आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवलेलं असेल तर चेहराही चालत नाही, ते आधी उघडावं लागतं. नोंद बदललेली दिसायला 24 तास धरा. लगेच `No` दिसतंय म्हणून पुन्हा पुन्हा करत बसू नका.

आता ज्यांनी ती ग्रुपवरची फाइल आधीच टाकलीय त्यांच्यासाठी. काकांनी टाकली नव्हती, पण त्यांच्या भावकीतल्या एकानं टाकली होती, आणि त्याच्याच नंबरवरून ती ग्रुपवर आली होती. त्यानं स्वतः पाठवलीच नव्हती. फोनमध्ये शिरलेलं ॲप त्याच्या व्हॉट्सॲपवरून पुढं सगळ्यांना फाइल टाकत होतं. म्हणून पाठवणारा ओळखीचा आहे यावर काही ठरवू नका.

शंका असेल तर ॲप कुठून आलं ते फोन सांगतो. सेटिंगमध्ये `Apps`, मग ते ॲप, आणि अगदी खाली `App details`. तिथं `App installed from Google Play Store` असं लिहिलेलं असतं. काही कंपन्यांच्या फोनवर शब्द थोडे वेगळे असतात. बाहेरून आलेल्या ॲपपाशी प्ले स्टोअरचं नाव येत नाही.

बाहेरचं निघालं तर पहिल्यांदा मोबाइल डेटा आणि वायफाय बंद करा, म्हणजे इंटरनेटवरून मेसेज बाहेर जाणं थांबेल. दुसऱ्या फोनवरून बँकेला फोन लावून खातं आणि यूपीआय थांबवायला सांगा. पैसे गेले असतील तर त्याच वेळी 1930 वर तक्रार नोंदवा, त्यात जितका उशीर तितके पैसे लांब जातात. लेखी तक्रार `cybercrime.gov.in` वर होते. मग ॲप काढा. `Uninstall` चं बटण दबत नसेल तर त्यानं स्वतःला डिव्हाइस ॲडमिन करून घेतलेलं असतं. सेटिंगमध्ये `Device admin apps` शोधून तिथली खूण काढली की बटण दबतं. ॲप यादीत दिसतच नसेल, चिन्ह लपवलं असेल, तर फोन सेफ मोडमध्ये चालू करून बघा. नंतर `*#21#` डायल करून कॉल दुसरीकडं वळवलेत का ते पाहा. वळवले असतील तर `##002#` नं सगळे रद्द होतात. व्हॉट्सॲपमध्ये `Linked devices` उघडून अनोळखी काही जोडलेलं असेल तर काढा. आणि `Install unknown apps` मध्ये व्हॉट्सॲपपुढची परवानगी बंद करा, ती एकदा चालू केली की चालूच राहते. भावकीतल्या त्या गड्याचा फोन आम्ही शेवटी फोटो काढून घेऊन पूर्ण रिसेट केला. एवढं करूनही बँकेचा पिन बदलायला त्याला दुसऱ्याच फोनवरून लावलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुनेनं तिच्याच फोनवर वेबसाइट उघडली, तिन्ही ओळींपुढं `Yes` होतं. पीएम किसानचं ॲप काकांच्या फोनमधून आम्ही काढून टाकलं, कारण आता पुढं त्यांना ते लागणारच नाही. आधारला चालू नंबर जोडायचा हेलपाटा अजून बाकी आहे. सोयाबीन निघालं की लातूरला जाऊ म्हणालेत.